आवाजाचा ताळा



या व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही वेतन, बोनस किंवा कामगार कायदा यांपैकी काहीतरी सांगू अशी त्यांची समजूत होती. ते विषय आम्ही वर्षभर दाराशी उभे राहून बोलतोच. आज संघटनेच्या कपाटातील एका खोक्याबद्दल बोलावे असे आम्ही ठरविले. त्या खोक्यात १८६ कॅसेटी आहेत. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत आमच्या वडील सहकाऱ्यांनी साचेखात्यातील, त्रासनातील, बायांच्या खात्यातील माणसांना समोर बसवून त्यांच्या तोंडून जे काही घडले ते ऐकून घेतले आणि साध्या यंत्रावर नोंदवून ठेवले. बोलणाऱ्यांपैकी बहुतेक आज हयात नाहीत. ज्या गिरण्यांबद्दल ते बोलले त्यांपैकी पुष्कळांच्या जागी आता उंच इमारती उभ्या आहेत आणि हजेरीपटही कोणाजवळ शिल्लक नाहीत. तेव्हा ही माणसे पुन्हा बोलायची नाहीत, हे धरूनच पुढचे सर्व ऐकावे.

कॅसेटची फीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर चुंबकीय भुकटीचा लेप. तिला बुरशी लागते, लेप सुटतो, आणि ती वाजविणारी यंत्रे व ती दुरुस्त करणारे कारागीर दोन्ही दुर्मिळ झाले आहेत. म्हणून आम्ही त्या १८६ कॅसेटी संगणकावर उतरवून घेतल्या. संगणक आवाज ठेवतो तो आकड्यांच्या रूपाने. सेकंदात ४८ हजार वेळा तो आवाजाची उंची मोजतो आणि प्रत्येक मापाला तीन बाइट जागा देतो. डावी व उजवी अशा दोन बाजू धरल्या की सेकंदाला २ लाख ८८ हजार बाइट होतात, आणि तासाभराच्या कॅसेटला एक जीबीहून किंचित अधिक जागा लागते. कॅसेटच्या प्रत्येक बाजूची एक फाईल, याप्रमाणे आमच्याकडे ३७२ फाईली झाल्या आणि त्यांचे एकूण वजन सुमारे १९३ जीबी भरले. बाजारात मिळणाऱ्या लहानशा डिस्कवरही हे सहज मावते.

येथे बहुतेक संस्था थांबतात. दोन डिस्क विकत घेतात, दोन्हींवर तोच माल भरतात, एक कपाटात आणि एक चिटणिसांच्या घरी ठेवतात, आणि काम झाले म्हणून चहा घेतात. पाच वर्षांनी दोन्ही डिस्क काढल्या आणि त्यांतील एक फाईल दोन ठिकाणी निरनिराळी निघाली, तर खरी कोणती? दोन साक्षीदार दोन गोष्टी सांगत आहेत आणि तिसरा पुरावा नाही, अशी ती अवस्था असते. कानाने ऐकून ठरवू म्हणाल, तर कानाला पुष्कळदा काहीच कळत नाही, हे पुढे एका उदाहरणाने दाखवू. आणि फरक निघाला हे तरी कोणी सांगितले? फाईलचे नाव तेच, तारीख तीच, आकारही तोच राहू शकतो.

यावरचा उपाय आपल्यातील वयस्क मंडळींना शाळेपासून ठाऊक आहे. मोठा गुणाकार केला की गुरुजी ताळा पाहायला सांगत. आकड्यांची बेरीज करायची, आलेल्या संख्येच्या आकड्यांची पुन्हा बेरीज करायची, आणि शेवटी एकच आकडा उरवायचा. समजा, एका कामगाराचे येणे ४,७२३ रुपये आहे. चार, सात, दोन आणि तीन मिळून सोळा. एक आणि सहा मिळून सात. ताळा सात. कारकुनाने चुकून ४,७२४ लिहिले तर ताळा आठ येतो आणि चूक उघडी पडते. पण त्याने ७,४२३ लिहिले तर? ताळा पुन्हा सातच! २,७०० रुपयांचा फरक पडला आणि नवाच्या ताळ्याला तो दिसला नाही, कारण आकडे तेच आहेत, फक्त जागा बदलल्या आहेत. म्हणून ताळा घेण्याची रीत अशी हवी की आकडा बदलला तरी कळावे आणि जागा बदलली तरी कळावे. आपल्या खिशातील आधार क्रमांकाचा शेवटचा अंक हा अशाच एका चांगल्या रीतीने आधीच्या अकरा अंकांवरून काढलेला असतो. शेजारचे दोन निराळे अंक उलटसुलट लिहिले की तो जुळत नाही.

फाईलसाठी याहून कडक रीत वापरतात. तिचे नाव SHA-256. फाईल एक जीबीची असो की एका ओळीची, तिच्यातील प्रत्येक बाइट क्रमाने चाळून ही रीत ६४ अक्षरांची एक ओळ काढून देते. त्या ओळीत शून्य ते नऊ हे आकडे आणि a ते f ही अक्षरे एवढेच येते. तीच फाईल जगातील कोणत्याही संगणकावर चाळली तरी तीच ओळ येते. फाईलमध्ये कोठेही एक बिट, म्हणजे बाइटचा आठवा हिस्सा, बदलला की सगळी ओळच निराळी होते. थोडी निराळी नव्हे, ओळखू न येण्याइतकी निराळी. ओळीवरून आवाज परत मिळत नाही आणि बिघाड दुरुस्तही होत नाही. जुळले की नाही, इतकेच ती सांगते.

हे करायला विकतची काही वस्तू लागत नाही. लिनक्स संगणकावर फाईली ज्या कप्प्यात आहेत तेथे जाऊन पहिली आज्ञा एकदाच द्यावयाची आणि दुसरी दर तपासणीच्या वेळी:

```
sha256sum *.wav > yadi.sha256
sha256sum -c yadi.sha256
```

पहिलीने सर्व फाईलींचे ताळे एका यादीत उतरतात. दुसरी त्या यादीतील प्रत्येक नाव घेऊन आज ताळा काय येतो ते पाहते आणि पूर्वीच्या ताळ्याशी ताडते. जुळले तर नावापुढे OK आणि न जुळले तर FAILED असे लिहून येते. विंडोजवर एकेका फाईलचा ताळा `certutil -hashfile K083-B.wav SHA256` असे लिहून काढता येतो.

यात सगळे महत्त्व वेळेला आहे. ताळा घ्यावयाचा तो कॅसेट उतरविली त्याच संध्याकाळी, फाईल कोणाच्याही हाती जाण्यापूर्वी आणि पहिली प्रत निघण्यापूर्वी. वर्षभराने घेतलेला ताळा हा वर्षभरात जे काही बिघडले असेल त्यासकट घेतलेला ताळा होतो, आणि पुढे जन्मभर तो बिघाडालाच OK म्हणत राहतो. ताळा घेण्यापूर्वी फाईल आरंभापासून शेवटपर्यंत एकदा ऐकलीही पाहिजे. आमच्याकडे एक तरुण सहकारी तर यादी हाती आली की प्रथम `e3b0c442` या अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधतो. रिकाम्या फाईलचा, म्हणजे ज्यात एकही बाइट नाही अशा फाईलचा ताळा नेहमी तसाच सुरू होतो. ती ओळ यादीत सापडली, तर त्या नावाखाली आवाज कधी आलाच नव्हता असे समजावे.

आणखी एक शंका पुष्कळजण विचारतात. कॅसेट जर अजून आहे, तर ती पुन्हा उतरवून ताळा जुळवून का पाहू नये? तो जुळत नाही. तीच कॅसेट त्याच यंत्रावर लागोपाठ दोनदा वाजविली तरी फीत केसभर पुढेमागे धावते, खरखर निराळी पडते, आणि आकडे वेगळे येतात. दोन फाईली कानाला एकच, पण ताळा वेगळा. म्हणजे उतरवून घेतलेली फाईल हीच यापुढे मूळ, आणि तिच्याच प्रती निघावयाच्या.

आता तो प्रसंग सांगतो. आम्ही तिसरी प्रत तयार करीत होतो. पहिल्या डिस्कवरील ३७२ फाईली एका उसन्या संगणकातून नव्या डिस्कवर भरल्या. संगणकाने कोणतीही तक्रार केली नाही. काम पूर्ण झाल्याचे सांगितले. आमचा रिवाज असा की प्रत झाली की डिस्क रीतसर बाहेर काढायची, पुन्हा जोडायची आणि मगच ताळा पाहायचा. हा रिवाज वेडगळ वाटतो, पण त्याला कारण आहे. नुकत्याच लिहिलेल्या फाईली संगणकाने आपल्या स्मृतीत धरून ठेवलेल्या असतात. लगेच विचारले तर डिस्क न वाचता तो स्मृतीतलेच वाचून दाखवितो. परीक्षा डिस्कची घ्यावयाची आहे, संगणकाच्या आठवणीची नव्हे.

डिस्क पुन्हा जोडली, आज्ञा दिली, आणि अर्ध्या तासात ओळी येऊन गेल्या. ३७१ फाईलींपुढे OK आले आणि एकीपुढे हे:

```
K083-B.wav: FAILED
sha256sum: WARNING: 1 computed checksum did NOT match
```

८३ क्रमांकाच्या कॅसेटची ही दुसरी बाजू. साचेखात्यातील एक विणकर तिच्यात बोलतो. संपाच्या दुसऱ्या वर्षी घरातील भांडी कशी एकेक करून गेली ते तो सांगतो, भांड्यांची नावे घेऊन. आम्ही नव्या डिस्कवरील फाईल लावून पूर्ण ऐकली. कोठेही खट्ट नाही, खंड नाही. आमच्यापैकी दोघांनी तर यादीच चुकली असेल असे म्हटले. मग पहिल्या डिस्कवरील फाईल तपासली. तिचा ताळा बरोबर जुळला. दुसऱ्या डिस्कवरची तपासली, तोही जुळला. तेव्हा दोन्ही फाईली शेजारी ठेवून, बाइटास बाइट लावून पाहणारी आज्ञा `cmp -l` दिली. उत्तरात एकच ओळ आली:

```
61204515 144 104
```

म्हणजे सुमारे ६ कोटी १२ लाखाव्या जागेवरील एक बाइट तेवढा वेगळा होता. पुढचे दोन आकडे ही आज्ञा आठाच्या पायावर लिहिते; आपल्या नेहमीच्या रीतीने ते १०० आणि ६८ होतात. फरक बत्तीसचा, म्हणजे त्या बाइटच्या आठ बिटांपैकी नेमके एक बिट एकाचे शून्य झाले होते. सेकंदाला २ लाख ८८ हजार या हिशेबाने ती जागा ३ मिनिटे ३२ सेकंदांवर येते, आणि प्रत्येक मापाच्या तीन बाइटांपैकी सर्वांत हलक्या बाइटात ती पडली होती. रुपये-आणे-पै यांच्या भाषेत सांगावयाचे तर पैच्या घरातील चूक. ती कानाला कळणे शक्यच नव्हते. तेच बिट सर्वांत जड बाइटात गेले असते तर मोठा खटका ऐकू आला असता, आणि फाईलच्या आरंभीच्या मोजक्या बाइटांत गेले असते तर फाईल उघडलीच नसती. चूक कोठे पडावी हे आपण ठरवीत नाही.

नवी डिस्क खराब निघाली, असा सर्वांचा पहिला तर्क होता आणि ती दुकानदाराकडे परत करण्याची तयारीही झाली. पण डिस्कची स्वतःची एक चौकी असते. ती प्रत्येक तुकड्यासोबत दुरुस्तीचे जादा आकडे लिहून ठेवते. लहान बिघाड ती स्वतः सुधारते, आणि मोठा असेल तर वाचता येत नाही असे साफ सांगते. एकच बिट मुकाट्याने बदलून देणे हा तिचा सहसा स्वभाव नाही. असे एकटे बिट फिरलेले दिसले की संशय प्रथम संगणकाच्या स्मृतीवर घ्यावा, कारण जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर जाताना माल त्या स्मृतीतून जातो, आणि साध्या संगणकांच्या स्मृतीला अशी चौकी बहुधा नसते. त्या उसन्या संगणकाची स्मृती रात्रभर तपासणीला लावली. सकाळपर्यंत पडद्यावर चुकांच्या लाल ओळी उमटल्या होत्या. डिस्क निर्दोष होती, हमाल वाटेत हात मारीत होता! दुसऱ्या संगणकावरून ती फाईल पुन्हा भरली, डिस्क काढून जोडली, आणि ३७२ च्या ३७२ जुळल्या. ताळ्याची यादी नसती, तर पुढे कधीतरी पहिली डिस्क बंद पडली असती आणि याच प्रतीवरून आणखी प्रती निघाल्या असत्या.

तीन प्रती का, हे आता वेगळे सांगावयास नको. एक प्रत संघटनेच्या कचेरीत, एक दुसऱ्या गावी एका साथीच्या घरी, आणि एक भाड्याच्या दूरच्या साठ्यावर, ज्याला क्लाउड म्हणतात. दुसरे गाव हा हट्ट आम्ही मुंबईकडून शिकलो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटात एक ठेवा काय आणि चार ठेवा काय! दोन डिस्क एकाच दिवशी एकाच दुकानातून, एकाच बनावटीच्या घेऊ नयेत. एका घाण्यातून निघालेल्या वस्तूंना सारखाच दोष असू शकतो. साथीच्या घरची डिस्क तपासणीचा दिवस सोडून कोठेही जोडलेली नसते. जोडलेल्या डिस्कला विजेचा धक्का बसतो, खंडणीखोर प्रोग्राम तिच्यावरील फाईली कुलूपबंद करतो, आणि आपलाच माणूस चुकून पुसतो. पेनड्राइव्ह मात्र ठेवणीसाठी वापरू नये. त्यात आकडे विजेच्या भाराच्या रूपाने असतात आणि वर्षानुवर्षे पडून राहिल्यास तो भार झिरपून जातो.

येथे एका सोयीविरुद्ध आम्हांला बोलले पाहिजे. दोन ठिकाणच्या प्रती आपोआप सारख्या ठेवणारे प्रोग्राम मिळतात. एकीकडे फाईल बदलली की ते दुसरीकडे तशीच करतात. रोजच्या कामाला ते उत्तम. पण एकीकडे फाईल बिघडली किंवा पुसली गेली, तर ते इमानदार नोकराप्रमाणे दुसरीकडेही तेच करून ठेवतात. ठेवणीच्या प्रतीला असा नोकर लावू नये. तेथे नवी फाईल भरता यावी, जुनी कधी बदलता येऊ नये.

तपासणी आम्ही वर्षातून दोनदा करतो, मे महिन्यात आणि दिवाळीनंतर. प्रत्येक डिस्कला अर्धा-पाऊण तास लागतो. दूरच्या साठ्यावरील प्रत वर्षातून एकदा पूर्ण खाली उतरवून तिचा ताळा घेतो. तेथील कंपनी सर्व ठीक असल्याचे सांगते, पण आमच्या यादीशी जुळणे आम्हांला हवे. एका मे महिन्यात जुन्या डिस्कवर निराळेच उत्तर आले. आज्ञा मध्येच अडखळली, डिस्कमधून टकटक आवाज आला आणि एका नावापुढे `FAILED open or read` असे उमटले. हा बिघाड आधीच्यासारखा मुका नव्हे. डिस्कच सांगत होती की मला वाचता येत नाही. अशा वेळी ती डिस्क पुन्हा पुन्हा चालवून पाहण्याचा मोह आवरावा, तिला सोडून द्यावे आणि चांगल्या प्रतीवरून नवी डिस्क भरावी. आम्ही तसे केले.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. यादी फक्त यादीतल्या नावांची हजेरी घेते. नंतर कोणी नवी फाईल टाकली आणि यादीत घातली नाही, तर ती बिघडली काय आणि नाहीशी झाली काय, सर्वत्र OK दिसत राहते. म्हणून प्रत्येक तपासणीत फाईलींची संख्याही मोजून वहीत लिहावी.

आणि ती यादी? फाईलींशेजारीच ठेवलेली यादी म्हणजे तिजोरीच्या दारालाच टांगलेली किल्ली. ज्याला फाईल बदलता येते त्याला शेजारची यादीही बदलता येते. म्हणून आम्ही खुद्द त्या यादीच्या फाईलचा ताळा काढला, ती ६४ अक्षरे कार्यकारिणीच्या सभेत वाचून दाखविली आणि इतिवृत्ताच्या वहीत शाईने लिहून त्याखाली सह्या घेतल्या. वाचताना सभासद हसले, पण अक्षरन् अक्षर दोनदा ताडले. आता फाईल, यादी आणि वही अशा तिन्हींवर एकाच वेळी हात टाकल्याखेरीज कोणाला काही बदलता यायचे नाही.

याचा उपयोग केवळ आठवणींपुरता नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे संगणकीय नोंद न्यायालयात द्यावयाची तर सोबत प्रमाणपत्र लागते, आणि त्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात हाच ताळा, तेथे त्याला हॅश म्हणतात, आणि तो कोणत्या रीतीने काढला हे लिहिण्याची जागा आहे. व्यवस्थापनाशी झालेल्या बोलण्याचे ध्वनिमुद्रण ज्या संघटनेकडे असेल, तिने त्याचा ताळा त्याच दिवशी घेऊन वहीत लिहावा. मात्र ताळा घेण्यापूर्वी कोणी काटछाट केली असेल, तर ते ताळ्याला ठाऊक नसते, आणि बोलणारा खरे बोलला की खोटे, याचा तर त्याच्याशी काहीच संबंध नाही.

ताळा आवाज ओळखीत नाही, बाइट ओळखतो. कोणी सद्भावनेने मूळ फाईलच्या आत बोलणाऱ्याचे नाव व गाव लिहिले, तर आवाज तसाच राहूनही ताळा तुटतो. फाईल व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या ध्वनिसंदेशाप्रमाणे पाठविली तर ती वाटेत दाबून लहान होते आणि जे पोचते ते निराळेच असते. म्हणून नावे, गावे, तारखा आम्ही वेगळ्या नोंदवहीत ठेवतो, मूळ फाईलला हात लावीत नाही, आणि ऐकावयास मागणाऱ्याला वेगळी लहान प्रत काढून देतो. FLAC नावाच्या प्रकारात आवाजापुरता ताळा फाईलच्या पोटातच असतो आणि `flac -t` या आज्ञेने तो पाहता येतो. जागाही कमी लागते. नवे काम सुरू करणाऱ्याने त्याचा विचार अवश्य करावा.

डिस्क कितीही जपली तरी पाच-सात वर्षांनी आम्ही ती बदलतो. नवी डिस्क भरायची, काढून पुन्हा जोडायची, यादी चालवायची, फाईली मोजायच्या, वहीत तारीख घालून दोघांनी सही करायची. जुनी डिस्क त्यानंतरच कपाटातून निघते, तीही पुढच्या तपासणीपर्यंत शेजारच्या खणात ठेवून. आज दुपारी येथे येण्यापूर्वी मे महिन्याची तपासणी उरकून आलो. ८३ क्रमांकाच्या दोन्ही बाजूंपुढे OK होते. त्या विणकराची मुलगी आपल्या गावातच राहते. वडिलांचा आवाज घरी हवा म्हणून तिने मागितला आहे, तेव्हा तिच्यासाठी एक लहान प्रत काढून आणली आहे. ती सभागृहात आली असेल तर तिने कार्यक्रमानंतर व्यासपीठाशी यावे.